ओळ कुठे तुटली, शब्द कुठे तुटला

जुन्या पुस्तकाच्या स्कॅनमधून एखादा उतारा उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवला की काय होते ते बहुतेकांनी पाहिलेले असते. एक ओळ पडद्याच्या कडेपर्यंत जाते, तिच्याखाली दोनच शब्द लोंबकळतात, मग पुन्हा एक लांब ओळ आणि पुन्हा दोन शब्द. मधेच ‘नदीपली-’ असा अर्धा शब्द येतो आणि त्याचे ‘कडच्या’ हे शेपूट खालच्या ओळीत सापडते. वाचताना ठेच लागते ती लागतेच, पण ‘नदीपलीकडच्या’ हा शब्द त्या पुस्तकात शोधायला जावे तर संगणक सांगतो, असा शब्दच इथे नाही. त्याच्या लेखी ते दोन निराळे तुकडे आहेत.

याचे कारण ओसीआरच्या कामातच आहे. ओसीआर म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा टाइप केल्यासारखा मजकूर करणे. यासाठी सर्रास वापरला जाणारा टेसरॅक्ट हा प्रोग्राम १९८०च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्डमध्ये जन्मला, २००५ साली सर्वांसाठी खुला झाला आणि मराठीही वाचतो. तो पान ओळीओळीने वाचतो आणि जिथे छापील ओळ संपते तिथे आपणही ओळ संपवतो. पण छापील ओळ तिथे का संपली? बहुतेकदा फक्त जागा संपली म्हणून. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला ठरलेल्या रुंदीत ओळ बसवायची असे. शब्द मावला नाही तर तो तोडून तो रेघ टाकी आणि उरलेला भाग खाली घेई. लेखकाने परिच्छेद मोडला म्हणूनही ओळ संपते, कवितेचा चरण पुरा झाला म्हणूनही संपते. तिन्ही ठिकाणी ओसीआरच्या फाइलमध्ये खूण एकच, ‘एंटर’ची. दुरुस्ती म्हणजे या एकाच खुणेमागचे निरनिराळे अर्थ पुन्हा वेगळे करणे.

ओळींचे शेवट पुसण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. सर्वांत लोकप्रिय युक्ती नेमकी ती घाई करते. वर्डमध्ये `^p` म्हणजे एंटरची खूण. आधी `^p^p`च्या जागी `@@@` असे काहीतरी टाकायचे, मग उरलेल्या प्रत्येक `^p`च्या जागी एक मोकळी जागा, आणि शेवटी `@@@`च्या जागी `^p`. परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ असेल तर अर्ध्या मिनिटात मजकूर सलग होतो आणि दिसतोही छान. पण जुन्या मराठी पुस्तकात परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ सहसा नसते. पहिली ओळ थोडी आत सरकवलेली असते आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ते सरकणे टिकतेच असे नाही. मग सगळे प्रकरण एकच परिच्छेद होऊन बसते. शिवाय तुटके शब्द ‘नदीपली- कडच्या’ असे ओळीच्या मधोमध जाऊन दडतात. तोडलेला शब्द ओळीच्या शेवटी होता ही एवढीच खूण आपल्या हातात होती, तीही गेली.

एक नमुना घेऊ. मजकूर मी जुन्या वळणाने रचला आहे, पण त्यातले घोटाळे अशा पुस्तकांत रोज भेटणारे आहेत. पान ३३चा शेवट आणि पान ३४ची सुरुवात ओसीआरमधून अशी आली असे समजा:

```
बाजाराच्या दिवशीं पहांटेपासूनच गाड्यांची रीघ लागे. नदीपली-
कडच्या गांवांतले शेतकरी देवळापुढच्या पटांगणांत उतरत आणि
मिठाची, गुळाची, कापडाची आणि जोंधळ्याची त्यांची देवाण-
घेवाण भर दुपारपर्यंत चाले. उधारीचा हि शोब तोंडीच असे,
पण तो सहसा चुकत नसे.
पुढें पाऊस गेला आणि बाजाराची रया गेली. सन १८९६-
९७ च्या दुष्काळांत वाण्यांनीं धान्य दडविलें. पेठेंतलीं दुका
३
३४ बाजारचा दिवस
नें एकामागून एक बंद झालीं. एक खाणावळ तेवढी चालू होती; ती
ही महिनाभरांत बंद पडली.
```

पहिले काम ओळी जोडण्याचे नाही, मजकुरात घुसलेल्या परक्या ओळी काढण्याचे आहे. ‘३४ बाजारचा दिवस’ हा पानाच्या डोक्यावरचा मथळा. तो आधी काढला नाही तर ओळी जोडताना तो वाक्याच्या पोटात शिरतो. असे मथळे शोधणे अवघड नसते, कारण तेच शब्द दर एका पानाआड येतात आणि आकडा दोनाने वाढत जातो. मात्र ओसीआर कधी ‘३४’ला ‘३8’ वाचते, कधी मथळ्यातले एखादे अक्षर चुकवते. म्हणून हुबेहूब जुळणी शोधण्यापेक्षा ‘पानाची पहिली ओळ, लहान, आकडा असलेली’ असा शोध घ्यावा.

त्याच्या वरचा एकटा ‘३’ जास्त फसवा. तो पान क्रमांक नाही आणि तळटीपेचा आकडाही नाही. सोळा पानांचा एक फर्मा छापून, घड्या घालून पुस्तक शिवतात. शिवणाऱ्याचा क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी फर्म्याचा आकडा बारीक टाइपात घालत. तिसरा फर्मा ३३व्या पानावर सुरू होतो. म्हणून १७, ३३, ४९ अशा पानांच्या तळाशी एकटा आकडा दिसला तर तो बिनदिक्कत काढावा. इतरत्र दिसला तर मात्र मूळ पान उघडून पाहावे, कारण तिथे तळटीप असण्याची शक्यता जास्त.

आता परिच्छेद. नमुन्यातली पाचवी ओळ, ‘पण तो सहसा चुकत नसे.’, इतरांच्या निम्म्याहून कमी आहे आणि तिच्या शेवटी पूर्णविराम आहे. दोन्ही खुणा जुळल्या की परिच्छेद संपला असे मानायला हरकत नाही. नुसत्या आखूडपणावर किंवा नुसत्या पूर्णविरामावर जाऊ नये; पूर्णविराम योगायोगाने ओळीच्या शेवटी कितीदा तरी पडतो. उलट परिच्छेदाची शेवटची ओळ योगायोगाने कडेपर्यंत भरली असेल तर हा नियम तिला ओळखतच नाही, आणि दोन परिच्छेद चिकटतात.

तिथे डावीकडची आत सरकलेली जागा कामी येते. साध्या फाइलमध्ये ती हरवलेली असली तरी टेसरॅक्टला ती ठाऊक असते. त्याच्याकडून साधा मजकूर न मागता तक्ता मागता येतो:

```
tesseract pan034.png pan034 -l mar tsv
```

या तक्त्यात प्रत्येक शब्दापुढे तो पानाच्या डाव्या कडेपासून किती पिक्सेलवर सुरू होतो हे `left` या रकान्यात लिहिलेले असते. ३०० डीपीआयला स्कॅन केलेल्या पानावर बारा पॉइंट टाइपाचा एक एम, म्हणजे परिच्छेदासाठी सोडतात तेवढी जागा, ५० पिक्सेल भरतो. तेव्हा ओळीतला पहिला शब्द शेजारच्या ओळींपेक्षा चाळीस-पन्नास पिक्सेल आत असेल तर तिथे नवा परिच्छेद. तुलना शेजारच्या ओळींशीच करायची. पान स्कॅनरवर एक अंश जरी तिरके पडले तरी दोन हजार पिक्सेल उंचीच्या मजकुरात वरची ओळ आणि तळची ओळ यांच्यात पस्तीस पिक्सेलचा फरक पडतो. सगळ्या पानाला एकच माप लावले तर तळच्या साध्या ओळीही परिच्छेदाच्या सुरुवाती वाटू लागतात.

आता खऱ्या दुखण्याकडे वळू. ओळीच्या शेवटच्या रेघा नमुन्यात तीन आहेत आणि तिघींचा न्याय वेगळा. ‘नदीपली-कडच्या’ इथली रेघ कंपोझिटरची. ती काढायची आणि शब्द जोडायचा. ‘१८९६-९७’ इथली रेघ लेखकाची. ओळ जोडायची, रेघ ठेवायची. ‘देवाण-घेवाण’ इथली कुणाची? लेखक ‘देवाणघेवाण’ असे सलग लिहीत असेल, तर रेघ छापखान्याची. तो नेहमी मधे रेघ देत असेल, तर त्याच्या रेघेवरच ओळ तुटली. हा निवाडा व्याकरणाने होत नाही आणि शब्दकोशानेही होत नाही, कारण आपल्याला आजचे बरोबर रूप नको, या पुस्तकातले रूप हवे आहे. म्हणून साक्षीदार पुस्तकातूनच आणावा: उरलेल्या पानांत हा शब्द ओळीच्या मधे कसा छापला आहे? चार ठिकाणी सलग आणि रेघेसह कुठेच नाही, तर सलग. इंग्रजी पुस्तकांवर २००० सालापासून अशीच सामूहिक मेहनत करणाऱ्या ‘डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स’ या स्वयंसेवी उपक्रमात, ठरवता येत नसेल तर शब्द जोडून मधे `-*` ठेवायची पद्धत आहे. पुढचा कुणी ती चांदणी शोधून, सगळे पुस्तक समोर ठेवून निकाल देतो. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. ‘देवाण-*घेवाण’ दिसायला वाईट दिसते, पण खोटे काही सांगत नाही.

आणखी एक रेघ नमुन्यात नाही, पण कादंबऱ्यांत पदोपदी भेटते. ‘तो म्हणाला -’ अशी ओळ संपते आणि खाली संवाद सुरू होतो. ही संवादाआधीची रेघ. तिला तोडरेघ समजून जोडले की ‘म्हणालातू’ असला प्राणी तयार होतो. छापताना या रेघेआधी थोडी जागा सोडलेली असते, पण ओसीआर ती जागा कधी दाखवते, कधी गिळते. म्हणून क्रियापदानंतर आलेली ओळीअखेरची रेघ हाताने तपासलेली बरी.

ज्यांचा निकाल उघड आहे ती कामे यंत्रावर सोपवता येतात. पायथनमध्ये दोन ओळी पुरतात:

```python
t = re.sub(r'(?<=[०-९])-\n(?=[०-९])', '-', t)
t = re.sub(r'(?<=[\u0900-\u0963])-\n(?=[\u0904-\u0939])', '', t)
```

पहिली ओळ आकड्यांमधली रेघ राखून फक्त ओळ जोडते. दुसरी, रेघेच्या अलीकडे-पलीकडे देवनागरी अक्षर असेल तर रेघ आणि एंटर दोन्ही काढते. ‘देवाण-घेवाण’सारख्या जोड्या हिच्या तावडीत सापडू नयेत म्हणून त्यांना आधीच चांदणी लावून ठेवायची. इंग्रजीसाठी लिहिलेल्या तयार सूत्रांत अक्षरांसाठी `\w` ही खूण असते. ती इथे वापरू नये. पायथनच्या नेहमीच्या शोधसाधनात `\w` मध्ये काना, वेलांटी, अनुस्वार बसत नाहीत. त्यामुळे ‘नदीपली-’ या तुकड्यातले शेवटचे चिन्ह, वेलांटी, त्याला अक्षरच वाटत नाही आणि तो शब्द तसाच तुटका राहतो. मराठीतले कितीतरी तुकडे काना-मात्रेवर संपतात आणि त्यांच्यावर हे सूत्र काहीच करत नाही. चूक कळतही नाही, कारण प्रोग्राम तक्रार करत नाही.

रेघ असलेले शब्द तरी दिसतात. रेघ गायब झालेले शब्द शोधणे हे या कामातले सर्वांत चिकट काम. नमुन्यात पान ३३ संपते ‘दुका’वर आणि पान ३४ सुरू होते ‘नें’ने. रेघ कुठे गेली? झिजलेल्या खिळ्याने ती पुसट उमटली असेल, किंवा पानाचे चित्र काळेपांढरे करताना डाग समजून उडाली असेल. बांधीव पुस्तक पूर्ण न उघडता स्कॅन केले तर शिवणीकडची बाजू वाकते आणि अंधारी येते. सम क्रमांकाची पाने डावीकडे असतात, म्हणून त्यांच्या ओळींचे शेवट नेमके शिवणीत जातात. अशा स्कॅनमध्ये हरवलेल्या रेघा सम पानांवर दाटीने सापडतात, आणि विषम पानांवर ओळींची पहिली अक्षरे खराब निघतात. हे ध्यानात ठेवले की कुठली पाने जास्त बारकाईने पाहायची ते आधीच ठरवता येते.

रेघ नसताना तुटलेला शब्द ओळखायला मराठी स्वतः मदत करते. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. ओळीची सुरुवात ‘च्या’, ‘ला’, ‘हून’, ‘मध्यें’ यांनी झाली तर वरच्या ओळीचा शेवटचा शब्द तिला जोडून पाहावा, बहुधा जुळतो. ओळ काना किंवा वेलांटीने सुरू झाली, म्हणजे पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली मात्रा दिसली, तर शंकाच नको; मराठीत असा शब्द नाही. पण ‘नें’ पाहा. प्रत्यय समजून आपण ‘दुका’पुढे तो लावतो आणि शब्द मिळतो ‘दुकानें’. तो दुकान या शब्दाचे अनेकवचन आहे, ‘नें’ हा तिथे प्रत्यय नाहीच. जोडणी बरोबर आली, कारण मात्र चुकीचे होते. दर वेळी असे नशीब साथ देत नाही.

शेवटच्या दोन ओळींत ते दिसते. ‘ती’ वर, ‘ही’ खाली. ‘तीही’ की ‘ती ही’? दोन्ही तुकडे मराठीत स्वतंत्र शब्द म्हणून रोज वापरले जातात, त्यामुळे यादीशी ताडून काही हाती लागत नाही. इथे अर्थच विचारावा लागतो: बाकीची दुकाने बंद झाली, एक खाणावळ उरली होती, शेवटी तीसुद्धा बंद पडली. म्हणजे ‘तीही’. त्यातून पान ३४ सम, ओळीचा शेवट शिवणीत. मूळ चित्र मोठे करून पाहिले तर कडेच्या सावलीत रेघेचा अवशेष दिसण्याची शक्यता आहे. तो दिसला तर उत्तम. ‘ना’ आणि ‘ही’, ‘पण’ आणि ‘ती’ अशा जोड्यांची एक छोटी यादी मी जवळ ठेवतो आणि ओळींच्या सांध्यावर त्या दिसल्या की थांबतो.

ओळीच्या पोटात तुटलेला ‘हि शोब’ वेगळ्या जातीचा. तो कंपोझिटरने तोडलेला नाही. देवनागरीत शब्दाची हद्द डोळ्याला शिरोरेषा सांगते, पण सुट्या खिळ्यांच्या छपाईत ती रेषा अखंड नसे; प्रत्येक खिळा आपला तुकडा घेऊन येई आणि दोन खिळ्यांत फट राही. ओळ कडेपर्यंत ताणायची असेल तेव्हा फटी आणखी रुंद होत. ओसीआरला त्या फटीत शब्द संपल्याचा भास होतो. यावर उपाय म्हणजे पुस्तकातल्या सगळ्या शब्दांची वारंवारतेची यादी करून एकदा-दोनदाच आलेले शब्द वर आणणे. ‘शोब’ एकदाच आलेला दिसतो, त्याच्या अलीकडचा ‘हि’ही संशयास्पद, आणि दोन्ही मिळून होणारा ‘हिशोब’ पुस्तकात इतरत्र आहे. मग जोडायला हरकत नाही. आजच्या शुद्धलेखन तपासनिसावर मात्र हे काम सोपवू नये. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, त्याआधीच्या पुस्तकात ‘दुष्काळांत’, ‘पुढें’, ‘झालीं’ हीच रूपे रीतसर होती. तपासनीस त्या प्रत्येकाखाली लाल रेघ ओढतो, आणि त्या लाल गर्दीत खरा तुटका शब्द हरवतो. ती रूपे सुधारण्याचा अधिकार आपल्याला नाहीच. आपण ओळ दुरुस्त करतो आहोत, लेखकाला नाही.

इतके झाल्यावर, आणि इतके झाल्यावरच, परिच्छेदाच्या आतले उरलेले एंटर काढून त्यांच्या जागी एकेक मोकळी जागा टाकायची. कविता, तक्ते, पत्रांचे मायने आणि सह्या यांना त्याआधी खूण करून बाजूला ठेवायचे, नाहीतर आर्येचे चरण गद्यासारखे सलग होतात. जुनी, ओळी जशाच्या तशा ठेवलेली फाइल जपून ठेवायची. पुढे शंका आली तर मूळ पानातली ओळ तिच्यावरूनच सापडते. आपला नमुना आता असा झाला:

```
बाजाराच्या दिवशीं पहांटेपासूनच गाड्यांची रीघ लागे. नदीपलीकडच्या गांवांतले शेतकरी देवळापुढच्या पटांगणांत उतरत आणि मिठाची, गुळाची, कापडाची आणि जोंधळ्याची त्यांची देवाण-*घेवाण भर दुपारपर्यंत चाले. उधारीचा हिशोब तोंडीच असे, पण तो सहसा चुकत नसे.

पुढें पाऊस गेला आणि बाजाराची रया गेली. सन १८९६-९७ च्या दुष्काळांत वाण्यांनीं धान्य दडविलें. पेठेंतलीं दुकानें एकामागून एक बंद झालीं. एक खाणावळ तेवढी चालू होती; तीही महिनाभरांत बंद पडली.
```

चांदणी अजून आहे. ती उरलेले पुस्तक पाहून जाईल. सबंध पुस्तक असे झाले की शेवटची तपासणी म्हणून ‘च्या’, ‘ला’, ‘ने’, ‘नें’ हे दोन्ही बाजूंनी मोकळी जागा असलेले शोधायचे. जे सापडतील त्यांतले काही सुटलेले तुकडे निघतात आणि ते लगेच जोडता येतात. बाकीचे ‘१८९६-९७ च्या’सारखे असतात: आकड्यानंतर किंवा अवतरणचिन्हात घातलेल्या नावानंतर लेखकानेच सोडून लिहिलेले प्रत्यय. त्यांना हात लावायचा नाही.